मदत हवी आहे: पिनसाठी कमेंट निवडताना उशिरा आलेल्या मागे पडतात

प्रत्येक पोस्टवरच्या कमेंटना आपोआप गुण देऊन उत्तर, पिन आणि अभिप्राय अशा तीन वेगळ्या याद्या माणसाला तपासायला द्यायच्या आहेत. उत्तराची यादी ठीक चालते. तिथे लाइक मोजतच नाही, फक्त अनुत्तरित प्रश्न वर आणतो.

अडचण पिनची आहे. सुरुवातीलाच पडलेली ‘मस्त!’ 40 लाइक घेते. सहा तासांनी कुणी पोस्टमधली चुकलेली पायरी दाखवून देतो, ती कमेंट 6 वर अडकते, कारण ती फार थोड्यांना दिसते. म्हणून लाइकला ‘किती वेळा दिसली’ने भागलं: 40/2000 म्हणजे 0.02, 6/100 म्हणजे 0.06. पण मग तीनदाच दिसून 1 लाइक मिळालेली कमेंट 0.33 ने सगळ्यांच्या डोक्यावर बसते. सध्या हे वापरतो:

```
(likes + 2) / (views + 100)
```

आता तिन्ही अनुक्रमे 0.020, 0.040 आणि 0.029 वर येतात, म्हणजे हवी ती वर.

प्रश्न असा: हे 2 आणि 100 सगळ्या पोस्टना सारखेच ठेवावेत, की त्या त्या पोस्टच्या सरासरीवरून काढावेत? आठ-दहाच कमेंट असलेल्या पोस्टवर ती सरासरीच डळमळते. अशा वेळी तुम्ही काय करता?