काऊंट जुळतो, पण पावती नाही: रात्रीच्या लोडचा पुरावा नेमका कशाला म्हणायचं?

केळीपान (रावेर): आमच्या केळी खरेदी केंद्राच्या काट्यावरच्या पावत्या पोस्टग्रेसमध्ये साठतात. रोज रात्री १२:१० ला मागच्या तारखेच्या पावत्या उचलून हिशोबाच्या डेटाबेसमध्ये टाकतो. सोर्स आणि टार्गेट दोन्हींचा `count(*)` लॉगमध्ये लिहितो. १४ मेला दोन्हीकडे ४१२. तरी एका शेतकऱ्याचा चुकारा निघाला नाही, कारण त्याची पावती टार्गेटमध्ये नाहीच. दुसऱ्या दिवशी दुपारी परत मोजलं, तरी ४१२ आणि ४१२. ऑडिटर म्हणतात एकही नोंद हरवली नाही हे सिद्ध करा. काऊंट पुरेसा की नाही, मतं द्या.

भुसावळ जंक्शन: पुरेसा आहे, फक्त त्याच्या जोडीला किलोची बेरीज घ्या. काऊंट आणि निव्वळ वजनाची बेरीज दोन्ही जुळले की प्रश्न मिटला. मी इतकी वर्षं हेच करतो. लहान केंद्राला यापेक्षा जास्त यंत्रणा म्हणजे पगारापेक्षा हमाली जड.

पांझरा (धुळे): भाऊ, आकडा जुळना म्हणीसन माल जुळना आसं नही. एक नोंद गेली आणि दुसरी कुठलीतरी जास्तीची राहिली, तर काऊंट तोच येणार. आणि केळीपान, पहिला काऊंट तुम्ही घेता कधी? लोड चालतानाच ना? मग ती तपासणी म्हणता येत नाही. एकाच क्षणी एकाच खिडकीतून दोनदा डोकावल्यासारखं आहे ते. जे तेव्हा दिसलं नाही, ते दोन्ही आकड्यांत नाही.

सातपुडा ७७: हे टाइमझोनचं काम आहे. सर्व्हर युटीसीवर असेल तर दिवस साडेपाच तास सरकतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

पांझरा: टाइमझोन असता तर एकच पावती गेली नसती. मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या सगळ्या पावत्या शेजारच्या तारखेत गेल्या असत्या आणि एका दिवशी जितक्या कमी, तितक्याच दुसऱ्या दिवशी जास्त दिसल्या असत्या. इथे पावती कुठल्याच तारखेत नाही. केळीपान, त्या पावतीची `created_at` काय आहे? आणि पावती सेव्ह नेमकी कधी होते, पहिल्या वजनाला की दुसऱ्या?

केळीपान: `created_at` १४ मे, रात्री ११:५१. ट्रॅक्टर भरून आला की पहिलं वजन, माल उतरवून रिकामा परत काट्यावर आला की दुसरं. पावती छापली जाते दुसऱ्या वजनानंतर. त्या रात्री दुसरं वजन १२:१४ ला झालं. काट्याचं सॉफ्टवेअर बाहेरच्यांचं आहे, आत काय चालतं ते मला दिसत नाही.

पांझरा: मग पहिल्या वजनाला ट्रॅन्झॅक्शन उघडतं आणि दुसऱ्याला कमिट होतं, असं धरून चाला. पोस्टग्रेसमध्ये `now()` ट्रॅन्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची नाही. त्यामुळे पावतीवर ११:५१ चा शिक्का बसला. तुमचा लोड १२:१० ला वाचायला गेला तेव्हा ती कमिटच झाली नव्हती, म्हणून दिसली नाही. पुढच्या रात्रीचा लोड १५ मेच्या ००:०० पासून पुढचं उचलतो, त्यामुळे ११:५१ ची पावती त्यातही बसत नाही. दोन्ही रात्री लोड 'यशस्वी' आणि पावती कायमची बाहेर.

तापीकाठ: सोपा उपाय: डिफॉल्ट `now()` ऐवजी `clock_timestamp()` ठेवा. तो खरी वेळ देतो.

पांझरा: फट अरुंद होईल, बुजणार नाही. तोही ओळ टाकतानाची वेळ देतो, कमिट त्यानंतरच होतो. ओळ पहिल्याच वजनाला पडत असेल, तर फरक शून्य. `id` वर वॉटरमार्क ठेवला तरी तेच, कारण सिक्वेन्सचा नंबर कमिटच्या आधी वाटला जातो. आणि उलट बाजूनं, `id` मध्ये मधला नंबर नाही म्हणून नोंद हरवली असंही म्हणता येत नाही. रोलबॅक झालेल्या पावतीचा नंबर परत मिळत नाही.

जिनवाला: आमच्याकडे कापसाच्या गाठींच्या नोंदी एक्सेलमधून जातात. शिरपूरला एकदा टार्गेटला रोज ६५,५३५ च यायच्या. जुन्या `.xls` ची मर्यादा ६५,५३६ ओळी, त्यातली एक मथळ्याची. तुम्ही फाइल बदलून बघा.

केळीपान: दादा, आमच्यात एक्सेल नाही. पांझरा, तुमचं पटलं, पण एक कोडं उरतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पावती सोर्समध्ये कमिट झालेली होती. मग सोर्स ४१३ यायला हवा होता. ४१२ का?

पांझरा: कुणीतरी एक खोडली असणार. काऊंट सोडा, पावती क्रमांकांची यादी लावा. सोर्समधून फक्त `slip_no` आणि `created_at` स्टेजिंगमध्ये आणा, चारशे ओळींना कितीसा वेळ लागतो.

```sql
SELECT slip_no FROM stg_keys
WHERE created_at >= '2025-05-14'
  AND created_at <  '2025-05-15'
EXCEPT
SELECT slip_no FROM dw_slip
WHERE created_at >= '2025-05-14'
  AND created_at <  '2025-05-15';
```

मग वरची आणि खालची बाजू बदलून पुन्हा चालवा. पहिल्यात हरवलेल्या निघतील, दुसऱ्यात सोर्समधून उडालेल्या.

केळीपान: चालवलं. दोन्हीकडे एक-एक निघाली. पहिल्यात शेतकऱ्याची पावती. दुसऱ्यात संध्याकाळची एक दुबार पावती, काटेवाल्यानं १५ तारखेला सकाळी डिलीट केलेली. ती आमच्या हिशोबात अजून जिवंत आहे.

भुसावळ जंक्शन: म्हणजे माझी किलोची बेरीज लावली असती तर हे सापडलंच असतं. दोन्ही पावत्यांचं वजन सारखं थोडंच असणार?

पांझरा: या वेळी सापडलं असतं, मान्य. पण बेरीज फक्त 'फरक आहे' एवढंच सांगते, कुठली पावती ते नाही. शिवाय लोडनंतर एखाद्या पावतीचं वजन दुरुस्त झालं, तरी बेरीज हलते. केळीच्या हंगामात अशा दुरुस्त्या रोज असतात. रोज लाल दिवा लागला की आठवड्यात कुणी त्याकडे बघत नाही.

केळीपान, माझ्या मते रोज मागचे तीन दिवस पुन्हा उचला आणि `slip_no` वर `ON CONFLICT DO UPDATE` लावा. उशिरा कमिट झालेली आपोआप येईल, दुरुस्त झालेलं वजनही येईल. यादीची तपासणी लोडसोबत नको, चोवीस तासांनंतर. ऑडिटरला द्यायच्या कागदावर 'अमुक तारखेची खिडकी, अमुक वेळी तपासली, दोन्ही बाजूंनी फरक शून्य' असं लिहा. वेळ न लिहिता 'काही हरवलं नाही' म्हणणं मला तरी पटत नाही.

तापीकाठ: तीनच का? काटा आठवडाभर बंद पडून कागदी पावत्या नंतर चढवल्या आणि मागची तारीख टाकली तर? कमिटच्या क्रमानं वॅल वाचणारं लॉजिकल रेप्लिकेशन लावा, खिडकीचा प्रश्नच उरत नाही. डिलीटही पोचतात.

भुसावळ जंक्शन: आणि रेप्लिकेशन स्लॉट अडकून सोर्सची डिस्क भरली की रावेरला मध्यरात्री कोण जाणार, तुम्ही?

पांझरा: मागच्या तारखेचा मुद्दा खरा आहे. तीन दिवसांना शास्त्र नाही, तुमच्याकडे सगळ्यात उशिरा कमिट झालेली पावती किती उशिरा आली ते पाहून ठरवा. ओव्हरलॅपनं डिलीट मात्र पकडले जात नाहीत, त्यासाठी दुसऱ्या बाजूचा `EXCEPT` लागतोच.

केळीपान: काटेवाल्या सॉफ्टवेअरवाल्यांना डिलीट बंद करून 'रद्द' असा शेरा ठेवायला सांगितलं. ते म्हणतात वेगळे पैसे पडतील. तोवर सात दिवसांचा ओव्हरलॅप लावतोय. दुबार पावती आमच्याकडे हातानं रद्द करायची की सोर्समध्ये नाही म्हणून आपोआप उडवायची, यावर ऑडिटर आणि मालक यांचंच अजून एकमत नाही.

जिनवाला: आपोआप उडवू नका. सोर्सची यादी एखाद्या रात्री अर्धवट आली तर अर्धा गाव उडेल.