अनुभव धागा: कर्ज काढून मशीन घेतली, हप्ता झेपेल हे कसं ठरवलंत?

धागाकर्ती:
आमच्या गावात मिरची कांडपाची मशीन नाहीये, सगळ्या बायका १२ किलोमीटरवर तालुक्याला जातात. मला कांडप मशीन टाकायचीय. कोटेशन दीड लाखाचं आलंय, बँकवाले म्हणाले मुद्रातून होईल. हप्ता भरता येईल की नाही ते कसं ओळखायचं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया स्वतःचे आकडे लिहा.

कांडपवाली ताई, सातारा जिल्हा:
मी सहा वर्षं हेच करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिलं म्हणजे कोटेशनचा आकडा धरून चालू नका. त्यात फक्त मशीन असते. माझं थ्री फेज कनेक्शन, वायरिंग, मशीनखालचा कोबा, वजनकाटा आणि गाडीभाडं धरून वर पन्नास हजार गेले, म्हणजे माझे दोन लाख झाले. बँकेने पैसे कोटेशन देणाऱ्याला परस्पर दिले, माझ्या हातात काहीच नाही, मग वरचे पन्नास मी सोनं ठेवून उभे केले. ती चूक तुम्ही करू नका, तो खर्च अर्जातच मांडा.

आता हप्ता. दोन लाख, ११ टक्के, ५ वर्षं धरलं तर महिन्याला साधारण ४,३५० बसतात. होळीपासून पाऊस पडेपर्यंत माझ्याकडे महिन्याला ८००-९०० किलो माल येतो, ४० रुपये किलोने वीज आणि मदतनीस बाईची मजुरी वजा जाता वीसेक हजार उरतात, तेव्हा हप्ता म्हणजे काहीच वाटत नाही. पण पावसात मिरची वाळत नाही तर कांडायला कोण आणणार? श्रावणात १२० किलो झालं तर खूप. ४,८०० आले, वीजबिल आणि चाळणी-बिळणी धरून दीड हजार गेले, राहिले ३,३००. हप्त्याला हजार रुपये कमी आणि घरात द्यायला शून्य! म्हणून हिशोब श्रावणाचा करा, एप्रिलचा नाही. मी मे महिन्यातच पाच हप्ते वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही. आणि कर्ज जानेवारीत उचला, ऑगस्टमध्ये उचललं तर सीझन यायच्या आधी सहा-सात हप्ते खिशातून जातात.

विदर्भातला दादा:
एवढं घाबरताय कशाला, पीएमईजीपी घ्या ना. गावातल्या बाईला ३५ टक्के सबसिडी आहे, म्हणजे दोन लाखातले सत्तर हजार सरकारचे, फेडायचे फक्त १ लाख ३०!

कांडपवाली ताई:
दादा, ३५ टक्के बरोबर आहे पण ते पैसे आपल्या हातात येत नाहीत. बँकेत तीन वर्षं आपल्या नावाने ठेवून देतात, तेवढ्या रकमेवर व्याज लावत नाहीत हे खरं, पण धंदा नीट चालला तरच तीन वर्षांनी ते कर्जात वळते होतात. मधेच बंद पडलं तर सबसिडी परत जाते. माझ्या जावेचं तसंच आहे आणि तिचा हप्ता बँकेने पूर्ण रकमेवरच बांधलाय. शिवाय स्वतःचे ५ टक्के आधी लागतात.

शिलाईवाली:
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मुद्राच्या शिशू कर्जातून ५० हजार घेतले, मशीनला २२ लागले आणि उरलेले दिराच्या अ‍ॅडमिशनला गेले. मशीन कमवत होती २२ हजारांची आणि हप्ता जात होता पन्नासचा, दोन वर्षं रात्री जागून फॉल-पिको केलं. एक विचारायचं होतं, मी हप्ते वेळेवर भरलेत तर नवऱ्याचं सिबिल सुधारेल का?

कोकणातून:
सुधारणार नाही हो, कर्ज ज्याच्या नावावर त्याचंच सिबिल. धाग्याबद्दल सांगायचं तर मी बचत गटातून घेतलं. पावसाळ्यात तीन महिने फक्त व्याज भरलं आणि मुद्दल दिवाळीनंतर दिलं, गटाने बैठकीत ऐकून घेतलं. बँकेत हे कोण ऐकणार?

कांडपवाली ताई:
गट ऐकून घेतो हे खरं, पण आमच्याकडच्या गटाची दुसरी बाजूही मी पाहिलीय. एकीचे हप्ते थकले, पूर्ण गटाचं पुढचं कर्ज अडलं आणि दोन घरांचं बोलणं आजपर्यंत बंद आहे. मला बँकच बरी वाटते.

कोकणातून:
आमच्या गटात तसं कधी झालं नाही. माणसांवर आहे ते.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. मी फक्त मार्च ते मेचे किलो मोजले होते. उद्या तालुक्याच्या कांडपवाल्याकडे जाऊन श्रावणात किती माल येतो ते विचारते. ताई, पावसात त्याच मोटरवर पिठाची गिरणी जोडता येते का, भाजणी आणि ज्वारी-बाजरीसाठी?