मदत हवी आहे: बाबांच्या बीपीच्या गोळ्या, काढा आणि हळदीचं दूध एकत्र चालेल का?

पांदणवाट | मंगळवार, रात्री 9.40
आम्ही आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. बाबा 63 वर्षांचे. चार वर्षांपासून बीपी आणि शुगर. सकाळी अ‍ॅम्लोडिपिन 5 आणि क्लोरथॅलिडोन 12.5, जेवणानंतर दोन वेळा मेटफॉर्मिन 500. सगळं उपकेंद्रातून मिळतं, आणि बाबा गोळ्या चुकवत नाहीत, डबीतल्या मीच मोजतो.

सोयाबीन काढताना थ्रेशरची धूळ खाल्ली आणि खोकला धरला. आईने काढा सुरू केला: तुळस, आलं, सात-आठ मिरे, दालचिनी, ज्येष्ठमध, गूळ. चार गिलासाचे दोन करते. कोमट झाला की दोन चमचे मध. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा गिलास. रात्री हळदीचं दूध. तीन आठवडे झाले. खोकला गेला, पण आता पाय सुजतात, आणि उकिडवे बसले की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. काल उपकेंद्रात बीपी 172/102 निघालं. दिवाळीत 132/82 होतं.

सिस्टर म्हणाल्या मीठ कमी करा. आमच्याकडे मीठ वाढलेलं नाही. हळद गरम पडली असं आत्या म्हणते. हळदीने गोळीचा असर कमी होतो का? दूध बंद करू का?

भाऊ_अकोट | 9.58
हळदीने काही होत नाही, आमच्या घरी तीन पिढ्या पीत आहेत. सूज अ‍ॅम्लोडिपिनची आहे. माझ्या मोठ्या भावाले हेच झालं होतं, घोटे सुजले, डॉक्टरने गोळी बदलली, आठ दिवसांत उतरले. काढा चालू ठेवा, तो झाडपाल्याचा आहे, त्याचं काय होते!

रानमेवा | 10.15
भाऊ, सूज अ‍ॅम्लोडिपिनची असू शकते, खरं आहे. पण अ‍ॅम्लोडिपिनने बीपी चढत नाही आणि मांडीतली ताकद जात नाही. चार वर्षं तीच गोळी चालू असताना आत्ताच काहून सुजले?

औषधांचं_दुकान | 10.32
पांदणवाट, मी तालुक्याच्या गावात 18 वर्षं मेडिकल चालवते. हळदीच्या दुधाचं नंतर बोलू. आधी हे सांगा: काढ्यात ज्येष्ठमध किती घालतात? आणि बाबा दिवसभर तोंडात काय ठेवतात?

पांदणवाट | 10.51
ताई, तुम्हाला कसं कळलं? बाबांनी पोळ्यानंतर खर्रा सोडला. 30 वर्षांचा खर्रा. तेव्हापासून तोंड रिकामं राहवत नाही म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळतात. शेतात जाताना खिशात चार-पाच काड्या असतात. काढ्यात आई करंगळीएवढ्या दोन कुटून टाकते. आत्ताच विचारलं, बाजारातून पाव किलोची पुडी आणली होती, ती तीन आठवड्यांत संपली. आईला वाटलं मी मित्रांना वाटली.

औषधांचं_दुकान | 11.10
मग हळद निर्दोष आहे. मला संशय त्या काडीचाच आहे.

250 ग्रॅम 21 दिवसांत, म्हणजे दिवसाला जवळजवळ 12 ग्रॅम. त्यातली थोडी घरात इतरांनी घेतली, चघळलेल्या काडीतला चोथा थुंकला, तरी पुष्कळ उरते. ज्येष्ठमधाला गोडी आणणारा घटक ग्लायसिरायझिन. युरोपात रोज पोटात जाण्याची मर्यादा 100 मिलिग्रॅम सांगतात. औषधी प्रतीच्या मुळात तो शेकडा चारच्या आसपास धरला, तरी तीनेक ग्रॅममध्येच मर्यादा ओलांडली जाते. बाजारातल्या काडीत कमी असेल, जास्तही असेल, कोणी मोजून विकत नाही.

होतं काय ते सांगते. आपल्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. मूत्रपिंडात पोचल्यावर ते निष्क्रिय करणारं एक एन्झाइम असतं. ज्येष्ठमध त्या एन्झाइमला बंद पाडतो. मग कॉर्टिसॉलच मूत्रपिंडाला सांगतं की मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम बाहेर टाक. मीठ राहिलं की पाणी राहतं, बीपी चढतं, पाय सुजतात. पोटॅशियम गेलं की स्नायू ढिले पडतात, गोळे येतात. वरून बाबांची क्लोरथॅलिडोन! ती लघवीवाटे पाणी काढते, पण सोबत पोटॅशियमही काढते. दोन्ही बाजूंनी हंडा गळतोय.

मीठ कमी करणं बरोबरच आहे, पण मूळ तिथे नाही. काडी आणि काढ्यातला ज्येष्ठमध आजपासून बंद. आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे, परवा नाही. पोटॅशियम खूप खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, वरून काही दिसत नाही. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी करायला सांगा. सकाळच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण क्लोरथॅलिडोन द्यायची का ते फोनवर विचारून घ्या. काडीची पुडी सोबत न्या, तोंडी सांगितलं तर डॉक्टरांनाही नुसता 'काढा' ऐकू येतो. रात्री छातीत धडधड, चक्कर किंवा पाय अगदी उचलेनासे झाले तर सकाळची वाट पाहू नका.

वैद्य_नाना | बुधवार, सकाळी 7.20
आयुर्वेदाला बदनाम करू नये. यष्टिमधु शीत, कंठ्य, खोकल्याला उत्तम. मात्रा पाळली तर अपाय नाही. ग्रंथांत चूर्ण ग्रॅमात सांगितलंय, मुठीत नाही. आणि मध गरम काढ्यात घालू नये, तो कोमट झाल्यावरच, हे मात्र आईंनी बरोबर केलं.

औषधांचं_दुकान | 7.41
नाना, मात्रेशी सहमत. पण बीपीच्या रुग्णाला तीन आठवडे रोज, ते पण पाणी काढणाऱ्या गोळीसोबत, तुमच्या मात्रेतही द्याल का? मी देणार नाही. चार दिवसांच्या खोकल्याला ठीकठाक माणसाने घेतलं तर माझी तक्रार नाही.

वैद्य_नाना | 7.55
बीपीवाल्याला लांब मुदतीत मीही टाळतो. एवढं मान्य.

भाऊ_अकोट | 8.05
पोटॅशियम कमी असंल तर नारळपाणी आणि केळी द्या, दवाखान्यात जायची गरज नाही.

औषधांचं_दुकान | 8.12
भाऊ, किती खाली गेलं ते कळल्याशिवाय नाही. थोडं कमी असेल तर डॉक्टरही केळी खा म्हणतील. पण एका केळ्यातलं पोटॅशियम इतकं थोडं, की ही तूट डझनभर केळ्यांनीही भरेल असं नाही, आणि शुगरवाल्या माणसाला डझन केळी कोण देईल?

टीचर_ताई | 8.30
विषय निघालाच आहे तर विचारते. माझी थायरॉईडची 50 ची गोळी आहे. पहाटे उपाशीपोटी घेते, आणि वजन कमी व्हावं म्हणून सोबतच हळदीचं दूध. यावेळी टीएसएच वाढलं. त्याचा संबंध? आणि बहिणीचा मुलगा सात महिन्यांचा, खोकला आहे, त्याला बोटावर मध चाटवायचा आहे.

औषधांचं_दुकान | 8.52
बाळाला मध अजिबात नाही. एक वर्ष होईपर्यंत चाटवायचा देखील नाही. मधात एका जिवाणूचे बीज असू शकतात, मोठ्यांना त्याचं काही होत नाही, पण एवढ्या लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बाळ सुस्त पडतं, शी होत नाही, दूध ओढता येत नाही. उकळून पण ते बीज मरत नाहीत. खोकला लांबला असेल, श्वास जोरात चालला असेल तर बाळाला दाखवा.

तुमचं दूध: हळद नाही, दूध अडवतं. त्यातलं कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवतं, मग ती रक्तात पुरी पोचत नाही. गोळी नुसत्या पाण्याने घ्या, हळदीचं दूध रात्रीवर ढकला. कॅल्शियमची गोळी असेल तर त्यात चार तासांचं अंतर. दीडेक महिन्याने पुन्हा टीएसएच करा, डॉक्टरांना आधी हे सांगा, नाहीतर ते गोळी वाढवून ठेवतील आणि तुम्ही दूध सोडलं की ती जास्त होईल.

रानमेवा | 9.05
हे माहिती नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस येतो, मागे पुतण्याला डॉक्सीसायक्लिन दिली होती. आई रोज ती गोळी दुधासोबतच द्यायची, पोट जळू नये म्हणून. तो बरा झाला तरी.

औषधांचं_दुकान | 9.14
डॉक्सीवर दुधाचा परिणाम होतो, पण फार मोठा नाही. म्हणून बरा झाला असेल. सिप्रोफ्लोक्सासिनसोबत जास्त होतो. तरी डॉक्सी भरपूर पाण्याने घ्या, पाठोपाठ आडवं होऊ नका, पोटासाठी आधी भाकरीचा तुकडा खा. दूध दोनेक तासांनी.

पांदणवाट | गुरुवार, दुपारी 3.25
काल बाबांना घेऊन गेलो. पोटॅशियम 2.8, कमीत कमी 3.5 पाहिजे असं रिपोर्टवर लिहिलंय. ईसीजीत फरक होता, म्हणून एक रात्र ठेवलं. पोटॅशियमचं सिरप दिलंय, पाण्यात मिसळून, जेवणानंतर. चव इतकी खराब, बाबा म्हणतात खर्राच बरा होता. क्लोरथॅलिडोन बंद केली. डॉक्टर म्हणाले टेल्मिसार्टन नंतर लिहू, आधी चार-पाच दिवसांनी पोटॅशियम पाहू. डॉक्टरांना पुडी दाखवली तेव्हा त्यांनी एक काडी स्वतः चावून पाहिली.

ताई, दोन गोष्टी. एक, काढा बिनज्येष्ठमधाचा चालेल का? आईला ते बंद करवत नाही. दुसरं, हळदीचं दूध.

औषधांचं_दुकान | 3.50
बरं झालं वेळेत गेलात. चालेल. तुळस, आलं, थोडे मिरे, एक गिलास दिवसाला, खोकला असेपर्यंत. गूळ आणि मध दोन्ही काढा. चमचाभर मधात साधारण सहा ग्रॅम साखर येते, म्हणजे आईचे दोन चमचे दोन वेळा धरले तर चोवीस, वर गूळ वेगळा. मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ते 'औषध' म्हणून दिलं तरी साखरच. हळदीचं दूध बाबांच्या गोळ्यांसोबत चालतं, अर्धा चमचा हळद, साखर नाही. फक्त कोणी हळदीच्या कॅप्सूल आणू नका, स्वयंपाकातली हळद आणि तिचा अर्क भरलेली कॅप्सूल एक नाही. घरात कोणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर त्यांना तर नकोच.

काडी बंद केल्यावरही बीपी उतरायला दोन आठवडे लागू शकतात, ते एन्झाइम हळूहळू जागेवर येतं. आठव्या दिवशी बीपी तसंच दिसलं म्हणून घाबरू नका, पण मोजणं चालू ठेवा.

पांदणवाट | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी 11.05
अपडेट. पोटॅशियम 4.1. बीपी काल 144/88. सूज घोट्यापर्यंत उतरली. कालपासून बैलाला चारा टाकायला स्वतः उठतात, हात न टेकता. टेल्मिसार्टन 40 चालू झाली. चघळायला बडीशेप आणि लवंग. आई म्हणते, "तेवढ्याशा काडीनं का होते वो?" तिला पटलं नाही, पण पुडी तिने स्वतः चुलीत टाकली.

एक राहिलं. कपाटात खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप आहे, बाबा मधून मधून दोन चमचे घेतात. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात 'यष्टिमधु' लिहिलंय. तेच ना?

औषधांचं_दुकान | 11.20
तेच. मुलेठी, यष्टिमधु, ज्येष्ठमध, तिन्ही एकच. एका चमच्यात किती आहे ते बाटलीवर दिलं असेल, पण तुम्हाला हिशेब करायची गरज नाही, बाबांनी घेऊ नये. चघळायच्या गोळ्यांच्या पुड्यांवरही बघा, घसा बसला की सगळे तेच देतात.

भाऊ_अकोट | 11.34
माझ्या भावाच्या घोट्याचं काय मग? तो पण खोकल्याच्या गोळ्या चघळायचा.

औषधांचं_दुकान | 11.40
त्यांचं बीपी चढलं होतं का?

भाऊ_अकोट | 11.52
नाही. विचारून सांगतो.