सत्काराच्या वृत्तात ‘प्रसन्न झाल्या’ चालेल का?

रामबागकर (इंदूर): मंडळाच्या अंकासाठी वृत्त लिहितोय. ‘सत्कार स्वीकारताना आजी प्रसन्न झाल्या’ असं लिहिलं, तर संपादक म्हणतात हे हिंदी झालं. मग काय लिहू? खूश, आनंदित, हर्षित की समाधानी?

मांडवीवाला (बडोदा): सोपं आहे, पायऱ्या मोजा. समाधानी सगळ्यात खाली, मग खूश, मग आनंदित, वर हर्षित. सत्कार मोठा असेल तर हर्षित लिहा.

लष्करची काकू (ग्वाल्हेर): भाऊ, खूश आणि आनंदित यांच्यापुरतं ठीक, पण समाधान या शिडीवर बसत नाही. ते कमी-जास्त आनंदाचं माप नाही, अपेक्षा पुरी झाल्याची भावना आहे. आयुष्यभर शिकवलं त्याचं चीज झालं, असं आजींना वाटलं असेल तर ‘समाधान वाटलं’ हेच नेमकं. मात्र ‘आजी समाधानी झाल्या’ लिहू नका, कारण ‘समाधानी’ म्हटलं की स्वभावच डोळ्यांपुढे येतो.

‘खूश’ला बहुधा कारण लागतं, नाहीतर माणूस: साहेब त्याच्यावर खूश आहेत. त्यात थोडी मर्जीची छटा असते, म्हणून सत्कारमूर्तीला ‘खूश झाल्या’ म्हटलं की वृत्त हलकं पडतं. ‘आनंद झाला’ कुठेही खपतं. ‘हर्षित’ आता बोलण्यात नाहीच, छापलं की पत्रिकेचा मजकूर वाटतो.

आता ‘प्रसन्न’. मराठीत सकाळ प्रसन्न असते, चेहरा प्रसन्न असतो, आणि देव प्रसन्न होतो. माणूस ‘प्रसन्न झाला’ म्हटलं की वर देणार असं वाटतं! ‘आजी प्रसन्न दिसत होत्या’ मात्र अगदी बरोबर, कारण तिथे चेहऱ्यावरची शांत टवटवी सांगितली जाते.

राजवाडा चौक: आमच्या ऑफिसात ‘शिकायत का समाधान’ची मराठी पाटी ‘तक्रारीचं समाधान’ अशी लावलीय. तक्रारच तृप्त झाली म्हणायची. ‘निवारण’ लिहायला सांगून थकलो.

रामबागकर: काकू, पण इंदुरात आमच्या घरांतून ‘फार प्रसन्न झाले’ सहज बोलतात. ते चूक का मानायचं?

लष्करची काकू: बोलण्यात चूक मानत नाही. पण अंक पुण्या-नागपुरातही जातो ना, तिथला वाचक अडखळेल.

मांडवीवाला: मग ‘हुरळून गेल्या’ कसं वाटतं? जोरदार आहे.

लष्करची काकू: अजिबात नको. ‘हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी’. त्या शब्दात भान सुटल्याचा टोमणा आहे.

राजवाडा चौक: माझं मत, इंदूरच्या अंकात इंदूरची मराठी असावी. पुणेकरांना अडखळू द्या की.

रामबागकर: सध्या ‘आजींना मनापासून आनंद झाला, त्या अत्यंत प्रसन्न दिसत होत्या’ असं टाकलंय. ‘अत्यंत’ जास्त होतंय का?

लष्करची काकू: काढा. प्रसन्नपणाला जोर दिला की शांतपणा जातो.