मदत हवी आहे: गाडी बंद करून सुरू केली की स्टिरिओचं ब्लूटूथ जोडून लगेच तुटतं

जुनी गाडी घेतली आहे. फोन नव्याने पेअर केला की गाणी, कॉल सगळं नीट चालतं. इंजिन बंद करून परत सुरू केलं की ‘Connected’ दिसतं आणि चार-पाच सेकंदांत तुटतं.

फोनमधून स्टिरिओ ‘Forget’ केला, पण स्टिरिओच्या यादीत माझं नाव तसंच राहिलं. आधीच्या मालकाचे चार फोनही आहेत. एकीकडची पेअरिंगची जुनी ‘key’ दुसरीकडच्या नव्या ‘key’शी जुळत नसावी, किंवा यादी भरल्याने नवी ‘key’ साठवलीच जात नसावी, असं वाटतं. घड्याळ आणि रेडिओ स्टेशनं टिकतात, म्हणजे पिवळ्या वायरचा कायमचा सप्लाय ठीक असावा.

दोन्हीकडची नावं पुसून पुन्हा पेअर करणं पुरेल, की फॅक्टरी रीसेटच करावा लागेल? कुणी केलंय का?