फोटोवरून खुराची पारख: कितपत धरायची?

नवखी: तट्टाच्या पुढच्या डाव्या खुराचा फोटो टाकलाय. समोर खालून वर उभी चीर आहे. खूर वाढल्यासारखाही वाटतो. नाल आहे. एवढ्यावरून काही सांगता येईल का?

धूळवाट: वाढलाय, स्पष्ट दिसतंय. आणि आडव्या वळ्या आहेत, म्हणजे खूर आतून सुजून गेलाय.

जुनी नाल: वाढलाय हे मी या फोटोवरून म्हणणार नाही. उभ्यानं, वरून, अगदी जवळून काढलेल्या फोटोत चांगला खूरही बेढब दिसतो. तट्टू सपाट कडक जमिनीवर उभं करा, मोबाइल जमिनीला टेकवा आणि दोन-तीन हात लांबून, बरोबर बाजूनं घ्या. घोटा फोटोत आलाच पाहिजे. घोट्याखालचा उतार आणि खुराचा पुढचा उतार एका रेषेत हवा. खुरापाशी रेषा मोडून पुढे पसरली असेल, तर धूळवाट यांचं खरं.

वळ्यांचं म्हणाल, तर चारा बदलला तरी त्या येतात. टाचेकडे एकमेकींपासून फाकत गेल्या असतील तर मात्र मलाही शंका येते.

याच फोटोत एक गोष्ट नक्की दिसते. खिळ्यांची मुरडलेली टोकं खुराच्या भिंतीपासून उठली आहेत. नाल सैल होतेय. नालबंदाला बोलवा ते त्यासाठी.

अबलख: माझा फोटोंवर विश्वासच नाही. आमच्या घोडीचा खूर फोटोत स्वच्छ होता, सगळ्यांनी छान म्हटलं. ती मात्र पाय टेकेना. तळव्यात पू निघाला.

जुनी नाल: बरोबर आहे. ऊब, नाडीचे ठोके, दाबल्यावरचं दुखणं फोटोत येत नाही. लंगडत असेल तर फोटो काढत बसू नये, डॉक्टर गाठावा.

नवखी: लंगडत नाही. चीर साधारण दोन सेंटिमीटर आहे, केसांच्या कडेपर्यंत गेलेली नाही.

जुनी नाल: मग मोजपट्टी लावून फोटो घ्या. केसांच्या कडेपासून चिरेच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर बघा. समजा आज ते 5 सेंटिमीटर आहे. खूर महिन्याला 8 मिलिमीटरच्या आसपास वाढतो, म्हणजे चीर थांबली असेल तर महिन्यानं अंतर 5.8 च्या जवळ यायला हवं. अजून 5 च असेल, तर जेवढी नवी भिंत उतरते तेवढीच चीर वर चढतेय. एकाच फोटोत हे कधीच कळणार नाही.

धूळवाट: हे पटलं. पण चीर असताना पुन्हा नाल ठोकायची? मी काढून ठेवीन. खिळ्यांनी भिंत आणखी फाटते.

जुनी नाल: मी ठोकून घेईन, पण चिरेलगत खिळा न मारता. उघडा खूर कडक जमिनीवर चालला की चीर फाकत जाते, हे मी पाहिलंय.

धूळवाट: आणि मी नाल काढल्यावर बसलेल्या चिरा पाहिल्यात.

नवखी: नालबंद परवा येतोय. त्याआधी मोजपट्टीचा फोटो टाकते.