ग्राहकासाठी केलेला खर्च बिलात वेगळा दाखवता का? अनुभव सांगा

निळी_शाई: मी पुण्यात प्रॉडक्ट फोटोग्राफी करते, जीएसटी नोंदणी आहे. एका शूटची फी 40,000 ठरली होती आणि स्टुडिओचं भाडं ग्राहकाने द्यायचं होतं. ते मी भरलं, जीएसटी धरून 11,800. बिल करताना दोन्ही मिळवून 51,800 केले आणि त्यावर 18 टक्के लावले, एकूण 61,124. त्यांच्या अकाउंट्समधून बिल परत आलं, "खर्च वेगळा दाखवा, त्यावर टॅक्स लावू नका." तुम्ही काय करता?

घाटावरचा: बरोबर सांगतायत ते. वेगळी ओळ टाकायची, 'रिइम्बर्समेंट' लिहायचं, जीएसटी लागत नाही. मी टॅक्सी, हॉटेल सगळं असंच दाखवतो. सहा वर्षांत कुणी विचारलं नाही.

खतावणी: कुणी विचारलं नाही म्हणजे बरोबर आहे असं नाही हो. टॅक्सी-हॉटेल तुम्ही तुमचं काम करायला वापरलंत. तो तुमच्या सेवेचाच खर्च, ओळ कितीही वेगळी करा, त्यावर जीएसटी लागतो. करातून वगळायचं तर तुम्ही नुसते पैसे पोचवणारे हवेत. ग्राहकाने तसं सांगितलेलं हवं, वस्तू किंवा सेवा त्याची हवी, बिलात रक्कम वेगळी हवी आणि जेवढे भरले तेवढेच घ्यायचे, वर एक रुपया नाही.

निळी_शाई, तुमची चूक दुसरीच आहे. स्टुडिओचं बिल कुणाच्या नावावर आहे?

निळी_शाई: माझ्याच. बुकिंग माझ्या खात्यावरून होतं.

खतावणी: मग त्यातल्या 1,800 चं क्रेडिट तुम्हाला मिळतं. म्हणजे तुमचा खरा खर्च 10,000. बिल असं हवं होतं: 40,000 अधिक 10,000, त्यावर 9,000 जीएसटी, एकूण 59,000. तुम्ही 11,800 वर पुन्हा टॅक्स लावलात, म्हणून 2,124 जास्त झाले. त्यातले 1,800 तर तुम्ही दोनदा घेताय, एकदा सरकारकडून क्रेडिट म्हणून, एकदा ग्राहकाकडून.

गंमत बघा. स्टुडिओने बिल ग्राहकाच्या नावावर, त्यांचा जीएसटी नंबर घालून दिलं असतं, तर तुमची फी टॅक्ससह 47,200 आणि वेगळ्या ओळीत 11,800. बेरीज तीच, 59,000. क्रेडिटही ग्राहकाला दोन्हीकडे 9,000 चंच मिळतं. खर्चावर आधीच 18 टक्के लागले असतील तर एवढ्या भांडणात काही राम नाही. खरा फरक पडतो तो ज्या खर्चावर जीएसटीच नाही तिथे.

शिक्कामोर्तब: तो माझा प्रांत. मी ट्रेडमार्कचे अर्ज भरतो. एकट्या व्यावसायिकाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500. माझे 6,000 आणि त्यावर 1,080. सरकारी फी वेगळी, टॅक्स न लावता; एकूण 11,580. सगळं एकत्र धरलं तर 4,500 वर फुकट 810 चढतात, आणि छोट्या दुकानदाराची नोंदणीच नसते, त्याला ते परत मिळत नाहीत.

सुरुवातीला मी हिशेब सोपा म्हणून 'सरकारी फी 5,000' लिहायचो. आमच्या सीएने फाईल बघितली आणि कपाळाला हात लावला. वरच्या पाचशेमुळे मी पोचवणारा राहिलोच नाही. तेव्हापासून प्रत्येक बिलाला पावती टाचतो.

संध्या_डोंबिवली: आमच्या ऑफिसात कन्व्हेयन्सचं व्हाउचर महिना उलटला तरी पास होत नाही. त्याचं काय करायचं?

खतावणी: ताई, तुम्ही नोकरीत आहात, तुम्हाला बिल द्यायचं नाही. ते एचआरशीच भांडायला हवं.

कोल्हापुरी_अनुवादक: माझी जीएसटी नोंदणी नाही. मी असतो तर भाड्याचे पूर्ण 11,800 लावले असते ना?

खतावणी: हो. तुम्हाला क्रेडिट नाही, म्हणून तुमचा खर्च 11,800 चाच.

शिक्कामोर्तब: टीडीएसचं कुणी बोललं नाही. माझ्या एका कायमच्या ग्राहकाने 10,500 वर 10 टक्के कापले, 1,050. फीवर 600 च कापायला हवे होते. आता मी फीचं इन्व्हॉइस वेगळं देतो आणि सरकारी फीसाठी पावतीसह डेबिट नोट. निम्मे ऐकतात. बाकीचे "आमचे सीए सगळ्यावरच कापतात" म्हणतात.

घाटावरचा: कापू द्या, रिटर्नमध्ये परत मिळतात.

शिक्कामोर्तब: मिळतात, पण कधी? शिवाय 26एएसमध्ये पावती 10,500 दिसते आणि मी उत्पन्न 6,000 दाखवतो. नोटीस आली तर उत्तर मलाच द्यायचं.

खतावणी: दोन कागद केले की बाजू भक्कम होते, एवढंच. एकाच बिलात असेल तर कापणाऱ्याला दोष देता येत नाही.

निळी_शाई: हे बिल बदलते. पण याच ग्राहकाची जानेवारीपासूनची तीन बिलं अशीच गेलीत, पैसेही आलेत. ती उकरून काढू का?

खतावणी: क्रेडिट नोट देता येईल. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत रिटर्नमध्ये दाखवा. मात्र त्यांनी जास्तीचं क्रेडिट घेतलं असेल, ते त्यांना उलटवावं लागेल. आधी फोन करा.

निळी_शाई: त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना? बघते. आधीच 61,124 वरून ते चिडलेत.